पाच जून की सहा मे? परदेशी मेलमधला तारीख, वेळ आणि रकमेचा घोळ

परदेशी गिऱ्हाइकाशी मेलवर सगळं ठरलेलं असतं, दोन्ही बाजूंनी 'कन्फर्म्ड' लिहिलेलं असतं, आणि तरीही माल महिनाभर मागे-पुढे निघतो. त्यानंतर चार-पाच महिने काही होत नाही. मग पुन्हा तेच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या ऑफिसात मी हा विषय काढला तिथे उत्तर एकच मिळालं, "हो की, आमच्यातबी झालंय एकदा." एकदा नव्हे, अधूनमधून होत राहतं. आणि अधूनमधूनच होतं म्हणून कुणी त्याच्या मुळाशी जात नाही. चूक झाली, माफीचा मेल गेला, विषय संपला.

मी एका लहान मशीनशॉपमध्ये डिस्पॅच आणि एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. कास्टिंग शेजारच्या फौंड्रीतून येतं, आमच्याकडे मशिनिंग होतं, पेट्या भरून ट्रक न्हावा शेवाला जातो. परदेशी गिऱ्हाइकं मोजून तीन: एक अमेरिकेत, एक जर्मनीत, एक मस्कतला. तिघांच्या तारखा लिहायच्या तऱ्हा तीन, घड्याळं तीन, आकडे लिहायची पद्धतही तीन. मागच्या वर्षी मोठा फटका बसला, तेव्हा मी दोन वर्षांचे मेल काढून बसले आणि घोळ नक्की कुठे कुठे होतो ते शोधलं. जे सापडलं ते इथे लिहिते आहे.

आधी फटका काय बसला ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचा मेल आला. चारशे नगांची ऑर्डर, आणि खाली एक ओळ:

```
Please confirm ship date 05/06/2025.
```

मी लगेच उत्तर पाठवलं:

```
Confirmed, 05/06/2025.
```

मग उठून डिस्पॅचच्या फळ्यावर खडूने '५/६' लिहिलं. आठवड्याभराने पॅकिंगचे मामा विचारायला आले, "मॅडम, पाच जूनला हाय न्हवं माल? मग पेट्या आत्ताच कशाला बनवायच्या?" मी म्हटलं, राहू देत, मे अख्खा आहे. मशीनवर दुसरा जॉब चढवला.

७ मेच्या संध्याकाळी मेल आला की कंटेनर नंबर अजून का कळवला नाही. त्यांच्या हिशेबाने माल आदल्या दिवशी निघायला हवा होता. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्यांची तारीख ६ मे होती, माझी ५ जून. शेवटी चारशेपैकी एकशे वीस नग रात्रपाळी करून तयार केले आणि विमानाने पाठवले, बाकीचे जहाजाने. लोखंडी माल विमानाने पाठवायचं भाडं ज्याने भरलंय त्याला पुढचं सांगायला नको.

आता माझं 'कन्फर्म्ड' पुन्हा वाचा. मी त्यांची तारीख जशीच्या तशी उचलून परत पाठवली. त्यांना वाटलं सहा मे पक्की झाली, मला वाटलं पाच जून पक्की झाली. म्हणजे ज्या मेलने गैरसमज पकडायचा, त्याच मेलने तो झाकला. समोरच्याची तारीख त्याच्याच रूपात परत पाठवणं म्हणजे खातरजमा नव्हे, नुसता प्रतिध्वनी. खातरजमा करायची तर रूप बदलून करावी लागते:

```
Confirmed: Tuesday, 6 May 2025.
```

महिना अक्षरात आणि सोबत वार. महिना अक्षरात आला की क्रम कुठलाही असो, अर्थ एकच निघतो. वाराचा उपयोग त्याहून बारीक आहे. मी चुकून `Thursday, 5 June 2025` लिहिलं असतं तर समोरच्याने कॅलेंडरवर मंगळवारी खूण केलेली असल्यामुळे 'गुरुवार' वाचून तो थबकला असता. तारखेतली चूक डोळ्याला दिसत नाही, वारातली दिसते.

मग प्रश्न उरतो की हा घोळ रोज का होत नाही. अमेरिकेची तारीख जर नेहमीच उलटी, तर दोन वर्षांत शेकडो मेल आले-गेले, त्यात फक्त चारच वेळा गोंधळ का झाला?

कारण महिने बाराच असतात. 04/22/2025 असं काही आलं की बाविसावा महिना नसतो, त्यामुळे डोकं आपोआप क्रम उलटा करून '२२ एप्रिल' वाचतं. आपल्याला कळतही नाही की आपण काही सुधारलं. घोळ होतो तो फक्त दिवस १ ते १२ मध्ये असेल तेव्हा. बारा महिन्यांचे बारा दिवस म्हणजे १४४ तारखा, त्यातल्या 01/01, 02/02 अशा बारा दोन्हीकडून सारख्याच. उरल्या १३२. वर्षातल्या १३२ तारखा दोन्ही पद्धतींनी बिनचूक वाचता येतात आणि दोन वेगळे दिवस दाखवतात. तेरा तारखेपासून पुढे सगळं सुरळीत चालतं, आणि त्या सुरळीतपणामुळेच आपल्याला वाटतं की आपल्यात आणि गिऱ्हाइकात तारखेचा काही प्रश्न नाही.

दोन्ही अर्थ लागतात तिथेच घोळ होतो, एकच अर्थ लागतो तिथे होत नाही. वेळ आणि रक्कम यांचंही अगदी असंच आहे, ते पुढे येईलच. म्हणून 'सगळे मेल नीट तपासा' असलं काही मी सांगणार नाही. ते कुणी करत नाही. फक्त दोन अर्थांच्या जागा ओळखायच्या आणि तेवढ्या बदलायच्या.

जुना मेल हातात आहे आणि तारीख 03/04/2025 आहे, तर काय समजायचं? त्याच माणसाच्या इतर मेलमध्ये बारापेक्षा मोठा आकडा शोधायचा. तो कुठल्या जागी येतो त्यावरून त्याची सवय कळते. पण माणसाची सवय आणि त्याच्या कंपनीची सवय या दोन गोष्टी आहेत. आमच्या अमेरिकी गिऱ्हाइकाकडे खरेदी बघणारा इंजिनिअर मूळचा आपल्याकडचाच आहे. तो मेलमध्ये हाताने लिहितो तेव्हा कधी दिवस आधी लिहितो, कधी महिना. सोबतचा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, मात्र त्यांच्या सिस्टीममधून निघतो, त्यात महिना कायम आधी. एकाच मेलमध्ये वर एक क्रम आणि जोडलेल्या कागदात दुसरा, असंही मी पाहिलंय. कॅनडात तर दोन्ही पद्धती चालतात, तिथे अंदाज बांधायचाच नाही, सरळ विचारायचं. जर्मन लोक 06.05.2025 असं टिंब देऊन लिहितात आणि त्यांचा क्रम आपल्यासारखाच असतो, त्यांच्याशी तारखेवरून आमचं कधी वाजलं नाही.

फाइलींची नावं, शेड्यूल, यादी अशा ठिकाणी अक्षरात महिना लिहिणं गैरसोयीचं होतं. तिथे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: 2025-05-06. ही आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत आहे, तिचं नाव आयएसओ ८६०१. वर्ष आधी ठेवून दिवस-महिना उलटा लिहिणारा देश माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून ती सुरक्षित. शिवाय फाइली नावानुसार लावल्या की आपोआप तारखेनुसार लागतात.

एक्सेलमध्ये हाच घोळ आणखी वाईट पद्धतीने होतो, त्यामुळे तिथे जरा थांबते.

अमेरिकेहून महिन्याचं डिलिव्हरी शेड्यूल सीएसव्ही फाइलमध्ये येतं. आपण त्यावर डबल-क्लिक करतो, एक्सेल उघडतं, तारखा दिसतात. सगळं ठीक वाटतं. तारखांचा कॉलम जरा रुंद करून बघा. काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटलेल्या दिसतील आणि काही डाव्या. हे दिसलं की समजायचं, फाइल बिघडली.

झालेलं असं असतं: आपला कॉम्प्युटर दिवस आधी वाचतो. 05/06/2025 त्याला नीट वाचता आलं, म्हणून त्याने ते '५ जून' मानून खरीखुरी तारीख करून टाकली. खरी तारीख म्हणजे एक्सेलच्या पोटात आकडा, आणि आकडा उजवीकडे जातो. 05/22/2025 त्याला वाचता आलं नाही, म्हणून ते नुसतं अक्षर राहिलं आणि डावीकडे गेलं. गंमत अशी की डावीकडच्या, बिघडल्यासारख्या दिसणाऱ्या तारखा बरोबर आहेत आणि उजवीकडच्या, शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुकल्या आहेत. आमच्याकडे एक मुलगा डावीकडच्या तेवढ्या हाताने दुरुस्त करत बसायचा. म्हणजे बरोबर होत्या त्यांना हात लावायचा आणि चुकलेल्या तशाच सोडायचा.

खरा उपाय म्हणजे फाइल डबल-क्लिकने उघडायचीच नाही. फाइलच्या नावातलं शेवटचं `.csv` बदलून `.txt` करायचं आणि एक्सेलच्या आतून File, Open करून ती उघडायची. मग एक्सेल तीन पायऱ्यांत प्रश्न विचारतं. दुसऱ्या पायरीत स्वल्पविरामावर टिक करायची. तिसऱ्या पायरीत तारखेचा कॉलम निवडून Date आणि त्यापुढे MDY निवडायचं, म्हणजे आपण त्याला सांगतो की या कागदात महिना आधी आहे. सगळ्या तारखा एकजात उजवीकडे गेल्या की काम झालं.

मूळ फाइल हरवली असेल आणि बिघडलेलीच हातात असेल तर बाजूच्या कॉलममध्ये हे:

```
=IF(ISTEXT(A2),DATE(RIGHT(A2,4),LEFT(A2,2),MID(A2,4,2)),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)))
```

अक्षर राहिलेली तारीख ते तुकडे करून जोडतं, आणि चुकून तारीख झालेलीचा दिवस-महिना अदलाबदल करतं. पण महिना दोन आकडी असेल, म्हणजे 05 असं लिहिलेलं असेल, तरच ते चालतं. 5/22/2025 असं आलं तर तुकडे भलतीकडे पडतील. आणि एका फाइलवर एकदाच. दुरुस्त झालेल्या कॉलमवर पुन्हा लावलं तर बरोबरचं परत चूक होईल.

याला एक पोटप्रश्न आहे. आपल्याकडचे बरेच कॉम्प्युटर दुकानातून येतानाच अमेरिकी सेटिंगवर आलेले असतात आणि कुणी ते बदलत नाही. आमच्या ऑफिसातल्या तीनपैकी एक तसा निघाला. त्यावर अमेरिकेची फाइल बिनचूक उघडायची आणि आमची स्वतःची बिघडायची, त्यामुळे 'तुझ्याकडं बरोबर दिसतंय, माझ्याकडं का नाही' यावरच दोन दिवस गेले. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाखाली तारीख असते, तिचा क्रम बघितला की कळतं. बदलायचं असेल तर विंडोजचं बटण आणि R दाबून `intl.cpl` टाइप करायचं, आणि Format मध्ये English (India) निवडायचं.

आता वेळ. ७ मेच्या त्याच प्रकरणात मी दुसरी चूकही केली.

त्यांचा पुढचा मेल मी शुक्रवारी, ९ मेला सकाळी ऑफिसात आल्यावर वाचला. 'सुधारित प्लॅन उद्या दुपारपर्यंत द्या' एवढंच होतं. शुक्रवारी वाचला म्हणून मी उद्या म्हणजे शनिवार धरला. प्रत्यक्षात त्यांनी तो त्यांच्या गुरुवारी संध्याकाळी लिहिला होता, त्यांचा 'उद्या' शुक्रवार होता. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर जाऊन Show original केलं की खरी वेळ दिसते:

```
Date: Thu, 8 May 2025 16:40:12 -0400
```

शेवटचं -0400 म्हणजे ग्रिनिचच्या चार तास मागे. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे दोघांत साडेनऊ तास. त्यांची गुरुवार दुपारची ४:४० म्हणजे आपली शुक्रवार पहाटेची २:१०. या ओळीकडे जरा नीट बघा. वार आहे, महिना अक्षरात आहे, घड्याळ चोवीस तासांचं आहे आणि ते कुठलं घड्याळ तेही सांगितलंय. मेलचं यंत्र आपापसात अगदी शहाण्यासारखं बोलतं, आणि आत माणूस लिहितो 'उद्या दुपारपर्यंत'.

मेल कधी आला ती वेळ स्क्रीनवर आपल्या घड्याळानुसार बदलून दिसते. मजकुरातली वेळ बदलत नाही. त्यामुळे 'आज', 'उद्या', 'दिवसअखेर' हे शब्द परदेशी मेलमधून मी काढूनच टाकले. त्यांनी लिहिले तर उत्तरात वार, तारीख आणि दोन्ही गावांची वेळ लिहून परत पाठवते:

```
Friday 9 May 2025, 12:00 noon New York = 21:30 India
```

इथे झोनची आद्याक्षरं लिहायचा मोह आवरायचा. IST म्हणजे आपल्याला भारताची वेळ वाटते, पण आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची वेळ यांनाही तीच अक्षरं आहेत. CST अमेरिकेच्या मध्य भागालाही म्हणतात आणि चीनलाही. EST चा प्रकार त्याहून फसवा. ते न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेचं नाव आहे, पण अमेरिकी माणूस सवयीने जुलैतही EST लिहितो. अक्षरशः धरलं तर एका तासाने चुकतं, बोलीभाषेत धरलं तर बरोबर. दोन अर्थ लागणारी जागा हीच. गावाचं नाव लिहिलं की प्रश्नच मिटतो, कारण न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी एकच वेळ असते.

घड्याळाचा वर्षातून दोनदा होणारा त्रास वेगळा आहे. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे बाहेरच्यांचं हलतं हे आपल्या लक्षात राहत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. युरोप हेच मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. दोघांचे रविवार वेगळे, आणि मधल्या दिवसांत अमेरिका-युरोपचं नेहमीचं अंतर मोडतं.

आमचा दर मंगळवारी तिघांचा कॉल असतो. न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी ९, जर्मनीत दुपारी ३, हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७:३०. २०२६ मध्ये ८ मार्चला अमेरिकेचं घड्याळ हललं. १० मार्चच्या मंगळवारी न्यूयॉर्कचे ९ म्हणजे आपले ६:३० आणि जर्मनीचे २ झाले. जर्मन बाई नेहमीप्रमाणे ३ वाजता आल्या, तोवर कॉल संपत आला होता. आम्ही ७:३० ला बसणार होतो, पण माझ्या कॅलेंडरने साडेसहाला घंटा वाजवली म्हणून वाचलो. २९ मार्चला जर्मनीचं घड्याळ हललं आणि त्यांचे पुन्हा ३ झाले. आपले मात्र ६:३० च राहिले, ते आता थेट नोव्हेंबरपर्यंत.

तर ठरणाऱ्या वेळेचा मालक कोण, हे आधी ठरवायचं. 'आम्ही न्यूयॉर्कच्या ९ ला भेटतो' असं एकदा ठरलं की बाकीच्यांनी आपापलं घड्याळ जुळवायचं. आणि ती वेळ मेलमध्ये लिहून न थांबता कॅलेंडरचं आमंत्रण पाठवायचं, तेही त्या मालकाने. आमंत्रणाच्या पोटात `America/New_York` असं गाव लिहिलेलं असतं, त्यामुळे घड्याळ हललं की प्रत्येकाच्या फोनवर वेळ आपोआप सरकते. मी ते आमंत्रण माझ्याकडून केलं असतं तर वेळ आपल्या ७:३० ला बांधली गेली असती आणि अमेरिकेची माणसं दहाला आली असती.

जाता जाता, फोनवर बोलताना जर्मन माणसाने 'हाल्ब नॉइन' म्हटलं तर ते साडेनऊ नव्हे, साडेआठ. नवाकडे जाताना अर्धं. आपण 'पावणेनऊ' म्हणताना नऊ वाजायच्या आधीच नवाचं नाव घेतो, तसंच. इंग्रज 'हाफ नाइन' म्हणतो तेव्हा मात्र साडेनऊ. जर्मन माणूस इंग्रजीत बोलताना 'हाफ नाइन' म्हणाला तर? विचारायचं, दुसरा उपाय नाही.

रकमेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे किमतीचा अंदाज सगळ्यांनाच असतो आणि बहुतेक चुका वाचताच पकडल्या जातात. पण एक जागा आहे.

आपण हजारांनंतर दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम देतो, ३,७५,०००. बाहेर तीन-तीनवर देतात. जर्मनीत तीन-तीनवर टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. आम्ही कास्टिंगच्या पॅटर्नच्या खर्चाचं कोटेशन जर्मनीला रुपयात दिलं होतं, `Rs. 3,75,000`. उलट मेल आला की एक आकडा राहिलाय का, हे 375,000 आहे की 3,750,000? त्यांना ७५ च्या पुढे एक आकडा गळल्यासारखा वाटला. बरं झालं त्यांनी विचारलं. दहापट किंमत समजून गप्प बसले असते तर ऑर्डर का गेली ते आम्हाला कधीच कळलं नसतं.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे 1.250 आणि 1,250. शेवटच्या चिन्हानंतर तीन आकडे असले की ते हजाराचं चिन्ह की दशांशाचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आपल्याला 1.250 म्हणजे सव्वा, जर्मनाला बाराशे पन्नास. 1,250 म्हणजे आपल्याला बाराशे पन्नास, त्याला सव्वा. माणूस किंमत बघून समजून घेतो, पण गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर आपण आकडा भरतो तेव्हा पलीकडे माणूस नसतो. तारखेत जशी बारापर्यंतची जागा, तशी रकमेत ही तीन आकड्यांची. उपाय सोपा आहे: दशांशानंतर नेहमी दोन आकडे लिहायचे, शून्य असले तरी. 1,250.00 किंवा 1.250,00 काहीही असो, शेवटच्या चिन्हानंतर दोनच आकडे दिसले की ते दशांशाचंच, आणि मग आधीचं चिन्ह हजाराचं. पुढे चलनाचं तीन अक्षरी नाव:

```
INR 375,000.00
EUR 1,250.00
```

`Rs` पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतही चालतं, आणि `$` कॅनडा, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाचाही असतो. तीन अक्षरी नावात ती शंका राहत नाही. लाख-कोटी हे शब्द बाहेरच्या मेलमध्ये मी लिहीतच नाही.

दोन आकड्यांच्या या नियमाला आमच्या मस्कतच्या गिऱ्हाइकाने सुरुंग लावला. ओमानच्या एका रियालचे हजार बैसा होतात, त्यामुळे तिथे दशांशानंतर तीनच आकडे लिहितात. OMR 1.250 म्हणजे खरोखर सव्वा रियाल, आणि तेच बरोबर. कुवेत आणि बहारीनचंही तसंच. अशा गिऱ्हाइकाला रक्कम अक्षरातही लिहून पाठवते.

एक्सेल फाइल पाठवायची की पीडीएफ, यानेही फरक पडतो. एक्सेलमध्ये रक्कम आकडा म्हणून असेल तर आमच्याकडे ती ३,७५,००० दिसते आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या सेटिंगप्रमाणे, कारण स्वल्पविराम कुठे द्यायचा ते विंडोज ठरवतं. पीडीएफ केली की आमचे स्वल्पविराम त्यात गोठतात. म्हणून पीडीएफ करण्याआधी तेवढ्यापुरतं `intl.cpl` मध्ये जायचं, Additional settings मधल्या Digit grouping ला 123,456,789 निवडायचं आणि नंतर परत आणायचं. परत आणायला मी दोनदा विसरले आणि अकाउंट्सवाल्यांनी दोन्ही वेळा ऐकवलं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. अमेरिकेचा पीओ आजही 05/06/2025 असाच येतो, त्यांची सिस्टीम बदलणार नाही. तो छापल्यावर पहिल्यांदा लाल पेनाने प्रत्येक तारखेवर महिना अक्षरात लिहायचा आणि मगच तो शॉपमध्ये द्यायचा, असं ठरवलंय. फळ्यावर मामा आता '५/६' लिहू देत नाहीत. परवा मी घाईत '७/८' लिहून गेले, तर परत येईपर्यंत त्यांनी पुसून तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.